"2 बीएचके फक्त 32 लाखांत*" : घराच्या जाहिरातीतली एक ओळ इतिहासाचं साधन म्हणून कशी वाचायची

संशोधनाची तयारी करणाऱ्या मुलांशी बोलताना एक प्रश्न नेहमी येतो. "इतिहासाचं साधन म्हणजे नेमकं काय? जुनी कागदपत्रं, ताम्रपट, दप्तरं, एवढंच ना?" आज मी मुद्दाम असं साधन घेतलंय जे तुमच्या मोबाईलवर दिवसातून दोनदा येतं आणि तुम्ही ते न वाचता पुढे सरकवता. ते म्हणजे गृहप्रकल्पाच्या फोटोखालची ओळ, ज्याला आपण सरळ कॅप्शन म्हणतो.

पुढची ओळ मी स्वतः बनवलेली आहे, कोणत्याही खऱ्या प्रकल्पाची नाही. पण कराड-मलकापूर भागात राहिलेल्या कुणालाही ती ओळखीची वाटेल:

"मलकापुरात, हायवे टच! कृष्णा हॉस्पिटलपासून फक्त 5 मिनिटांवर. प्रशस्त 1,000 चौ. फुटांचे 2 बीएचके फक्त 32 लाखांत*. 24 तास पाणी, पार्किंग, गार्डन, जिम. आजच बुक करा!"

यात किती विधानं आहेत मोजा. जागा, अंतर, क्षेत्रफळ, किंमत, एक तारांकित चिन्ह, चार सुविधा. यातलं काय तपासता येतं आणि काय नाही? आणि जे तपासता येतं, ते कधीपासून आणि कुणामुळे? या प्रश्नाचं उत्तर आपल्याला 1960 च्या मुंबईपर्यंत घेऊन जातं. तिथून परत आपण मलकापुरात येऊ.

1960 : तक्रारी आधी, कायदा नंतर

स्वातंत्र्यानंतरच्या मुंबईत घरांची टंचाई भयंकर होती. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली होती, त्यामुळे भाड्याने देण्यासाठी इमारत बांधणं फायद्याचं राहिलं नव्हतं. मग बांधणाऱ्यांनी वेगळा रस्ता काढला. भाड्याऐवजी सदनिकाच "ओनरशिप" तत्त्वावर विकायच्या. ग्राहकाकडून पैसे आधी घ्यायचे, त्या पैशांतून इमारत उभी करायची. या व्यवहाराला नीट लागू पडेल असा कायदा तेव्हा नव्हता. जमीन कुणाच्या नावावर आहे, नकाशा मंजूर आहे का, सोसायटी कधी होणार, हे सगळं विकणाऱ्याच्या शब्दावर चालायचं.

20 मे 1960 रोजी, म्हणजे महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन तीन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, राज्य सरकारने या प्रश्नावर एक समिती नेमली. समितीने जून 1961 मध्ये अहवाल दिला. त्यातून आला महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांचा 1963 चा कायदा, ज्याला वकील आणि बिल्डर दोघंही "मोफा" म्हणतात. समितीच्या तारखा मला कुठे मिळाल्या? कायद्याच्या उद्देशिकेत. ती तुम्ही स्वतः वाचा, कारण कायद्याची उद्देशिका हा इतिहासाचा छोटा पण फार भरवशाचा तुकडा असतो. घरांच्या टंचाईमुळे सदनिकांच्या बांधकामात, विक्रीत आणि हस्तांतरणात गैरप्रकार होत आहेत आणि ते वाढत आहेत, असं तिथे सरकारने स्वतःच लिहून ठेवलं आहे.

इथे पहिली गोष्ट लक्षात घ्या. कायद्यातली माहिती देण्याची प्रत्येक सक्ती ही कुणीतरी ती माहिती लपवली होती याची खूण असते. "विकणाऱ्याने जमिनीवरचा हक्क उघड करावा" असं कलम दिसलं, की समजायचं, हक्क नसताना विकणारे होते. "मंजूर नकाशे पाहू द्यावेत" असं दिसलं, की समजायचं, लोकांना नकाशे दाखवले जात नव्हते. कायदा असा उलटा वाचला, तर तो तक्रारींच्या वहीसारखा उलगडत जातो.

जाहिरातीत काय सांगायचं, हे कायद्यात आलं

मोफाच्या कलम 3 च्या उपकलम 2 मध्ये खंड (एम) आहे. सदनिका विकायला जाहिरात केली, तर जाहिरातीतच काय काय उघड करायचं ते त्यात सांगितलंय. सदनिकेचं चटई क्षेत्र, आणि त्यात बाल्कन्या किती ते वेगळं. सदनिकेची किंमत, त्यात सामायिक जागा आणि सोयींचा वाटा किती ते वेगळं, आणि हप्ते कधी कधी भरायचे. शिवाय सामायिक जागा आणि सोयी कोणत्या, त्यांचं स्वरूप आणि व्याप्ती काय.

आता आपली ओळ परत बघा. "1,000 चौ. फूट" हे कोणतं क्षेत्र ते लिहिलेलं नाही. "32 लाख" यात काय धरलंय ते लिहिलेलं नाही. "गार्डन" किती मोठं ते लिहिलेलं नाही. म्हणजे मोफाच्या मापाने ही ओळ प्रत्येक मुद्द्यावर तोकडी पडते.

इथे संशोधक म्हणून एक सापळा आहे, तो आत्ताच सांगून ठेवते. आज संकेतस्थळांवर मिळतो तो मोफाचा एकत्रित मजकूर, म्हणजे नंतरच्या सगळ्या दुरुस्त्या आत घातलेला. तो वाचून "1963 पासून जाहिरातीत चटई क्षेत्र देणं बंधनकारक होतं" असं वाक्य प्रबंधात टाकू नका. कलमाखालच्या तळटिपा बघा. कोणता शब्द कोणत्या दुरुस्तीने आला किंवा बदलला, ते तिथे दिलेलं असतं. त्याशिवाय कलमाचं वय सांगता येत नाही.

1,000 चौरस फूट नक्की कुठले?

किंमतीचा गोंधळ बहुतेक वेळा क्षेत्रफळातून सुरू होतो, म्हणून इथे थोडं थांबू आणि आकडेमोड करू. आकडे माझे, फक्त समजण्यासाठी घेतलेले.

"सुपर बिल्ट-अप" हा शब्द बाजारात रुळलाय. पण मोफात किंवा नंतरच्या रेरा कायद्यात त्याची व्याख्या नाही. घराच्या आतली वापरायची जागा, भिंती, बाल्कनी, आणि वर जिना, लिफ्ट, पॅसेज, कधी कधी क्लब हाऊसचाही वाटा, हे सगळं मिळून तो आकडा होतो. आतल्या जागेवर जेवढे टक्के वर चढवले जातात त्याला धंद्यात "लोडिंग" म्हणतात. व्याख्याच नसल्यामुळे लोडिंग किती धरायचं हे विकणारा ठरवतो.

समजा, आपल्या ओळीतल्या 1,000 फुटांत 35 टक्के लोडिंग आहे. मग चटई क्षेत्र 1,000 ला 1.35 ने भागून येतं, म्हणजे सुमारे 741 चौ. फूट. जाहिरातीतल्या हिशेबाने दर 3,200 रुपये चौरस फूट दिसतो. प्रत्यक्ष पाय ठेवता येणाऱ्या जागेचा दर मात्र सुमारे 4,320 रुपये पडतो. शेजारच्या प्रकल्पाने "750 चौ. फूट चटई क्षेत्र, 4,200 रुपये दर" असं प्रामाणिकपणे लिहिलं, तर मोबाईलवर तो लहान आणि महाग दिसतो. प्रत्यक्षात तो थोडा मोठा आहे आणि एकूण किंमत 31 लाख 50 हजार, म्हणजे स्वस्तही. खरं सांगणाऱ्याचं नुकसान होतं ते असं. म्हणूनच मोफात चटई क्षेत्रावरच विक्री करण्याचं बंधन आलं, आणि 2016 च्या रेरा कायद्याने चटई क्षेत्राची व्याख्या देशभर एकच केली: वापरता येणारं निव्वळ क्षेत्र. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी, उघडा टेरेस वगळून, पण आतल्या खोल्यांमधल्या भिंती धरून.

ही "आतल्या भिंती धरून" अट बारीक वाटते, पण तुलना करणाऱ्याला ती पाडू शकते. 2017 च्या आधीच्या आणि नंतरच्या जाहिरातींत "चटई क्षेत्र" हा शब्द तोच असला, तरी त्यामागचं माप तेच असेल असं नाही. बाल्कनी धरली का, आतली भिंत धरली का, हे पाहिल्याशिवाय दोन काळांतले दर एकाच आलेखावर काढले, तर घरं महाग झाली की माप बदललं, हे कळणारच नाही.

तारा काय लपवतो?

आता "32 लाखांत" च्या पुढचा तो छोटा तारा. त्याचा अर्थ "अटी लागू". समजा अटी अशा निघाल्या: झाकलेलं पार्किंग 2 लाख, विकास शुल्क आणि वीज जोडणी मिळून 1 लाख 20 हजार. बेरीज झाली 35 लाख 20 हजार.

मग जीएसटी. इमारत अजून पूर्ण नसेल तर तो लागतो. मलकापूर महानगरात मोडत नाही, त्यामुळे चटई क्षेत्र 90 चौ. मीटरपर्यंत आणि एकूण रक्कम 45 लाखांपर्यंत असेल, तर घर "परवडणारं" ठरतं आणि 1 एप्रिल 2019 पासून त्यावर 1 टक्का दर आहे. आपली 741 चौ. फूट म्हणजे सुमारे 69 चौ. मीटर. म्हणून 1 टक्का, 35,200 रुपये. त्याच ठिकाणचं मोठं, महाग घर असतं तर 5 टक्के. आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर विकलं असतं तर शून्य. त्यावर नोंदणी फी 1 टक्का, पण कमाल 30,000 रुपये. एकूण 35 लाख 85 हजार 200. मुद्रांक शुल्क अजून वेगळंच. म्हणजे ते न धरताही "फक्त 32 लाख" मध्ये 12 टक्के वाढ झाली.

यातला प्रत्येक खर्च कायदेशीर असू शकतो. प्रश्न एवढाच की तो कर्ज मंजूर करून घेण्याच्या आधी कळला की नंतर. 32 लाखांवर हिशेब बसवलेल्या कुटुंबाला पावणेचार-चार लाख वरचे उभे करायला लागतात, तेव्हा ते बहुधा सोनं मोडतात किंवा जास्त व्याजाने उसने घेतात. किंमत स्पष्ट लिहिण्याचा मुद्दा असा थेट घरापर्यंत जातो.

पार्किंग विकत घ्यायचं की मिळायचं?

सुविधांमधली सगळ्यात भांडणाची सुविधा म्हणजे पार्किंग. इथे एक निकाल माहिती असायलाच हवा. नहालचंद लालूचंद प्रायव्हेट लिमिटेड विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था, सर्वोच्च न्यायालय, ऑगस्ट 2010. वाद मुंबईतल्या दहिसरचा. इमारतीखालच्या स्टिल्टमधली पार्किंगची जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येते का? न्यायालयाने मोफाच्या आधारे नाही म्हटलं. स्टिल्ट पार्किंग म्हणजे सदनिका नाही, ती इमारतीच्या सामायिक जागेत येते.

रेरा आल्यावर चित्र पुन्हा बदललं. उघडं पार्किंग कायद्याच्या व्याख्येनुसारच सामायिक क्षेत्रात गेलं, त्यामुळे ते कुणा एकाला विकता येत नाही. झाकलेल्या पार्किंगसाठी पैसे घेण्याची वाट मात्र मोकळी राहिली. म्हणून जाहिरातीत नुसतं "पार्किंग" लिहिणं आज पुरेसं नाही. उघडं की झाकलेलं, किंमतीत धरलेलं की वेगळं, या दोन शब्दांत अर्धा वाद मिटतो.

2017 : जाहिरातीने सांगण्याऐवजी बोट दाखवायचं

आता या इतिहासातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा टप्पा. रेरा कायदा 2016 चा, पण नोंदणी आणि जाहिरातीसंबंधीची मुख्य कलमं 1 मे 2017 पासून लागू झाली. नोंदणी न करता जाहिरात करायची नाही, बुकिंग घ्यायचं नाही, विकायचं नाही. जाहिरातीची व्याख्याही इतकी रुंद आहे की वर्तमानपत्र, फलक, पत्रक, व्हॉट्सअॅपवर फिरणारा फोटो, सगळं तिच्यात बसतं.

पण जाहिरातीत काय लिहायचं याबद्दल कलम 11(2) दोनच गोष्टी सक्तीच्या करतं: प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा पत्ता आणि प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक. किंमत द्या असं तिथे म्हटलेलं नाही. चटई क्षेत्र द्या असंही नाही. मोफाने जाहिरातीच्याच पोटात माहिती भरायला सांगितली होती. रेराने माहिती सरकारी नोंदीत ठेवली आणि जाहिरातीला तिच्याकडे बोट दाखवायला सांगितलं. महाराष्ट्रात 1 ऑगस्ट 2023 पासून महारेराने जाहिरातीत क्यूआर कोडही बंधनकारक केला, तो याच विचाराचा पुढचा भाग. तो नसेल तर 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे.

दोन्ही पद्धतींना आपापले तोटे आहेत. माहिती जाहिरातीतच असेल तर ती लगेच दिसते, पण खरी आहे का ते तपासायला जागा नसते. नोंदीत असेल तर तपासता येते, पण त्यासाठी कुणीतरी ती उघडून बघावी लागते. ब्रिटनने तिसरी वाट काढली होती. तिथल्या 1991 च्या कायद्यात घराच्या वर्णनातली दिशाभूल हाच गुन्हा ठरवला होता, आणि घरातून दिसणारं दृश्य, सोयींपासूनचं अंतर अशा बाबींची यादीच केली होती. 2013 मध्ये तो कायदा रद्द झाला आणि ग्राहक संरक्षणाच्या सर्वसाधारण नियमांवर काम सोपवलं गेलं.

आपल्याकडे अतिशयोक्तीला लगाम घालणारं कलम 12 आहे. जाहिरातीतल्या किंवा नमुना सदनिकेतल्या चुकीच्या माहितीवर विसंबून कुणी पैसे दिले आणि नुकसान झालं, तर भरपाई मागता येते. प्रकल्पातून बाहेर पडायचं असेल तर पूर्ण रक्कम व्याजासह परत मागता येते. पण त्यासाठी ती जाहिरात तुमच्याकडे असायला हवी. "गार्डन, जिम" लिहिलेली पोस्ट ताबा मिळेपर्यंत काढून टाकलेली असू शकते. म्हणून तारखेसह स्क्रीनशॉट ठेवणं हे घर घेणाऱ्यासाठी पुरावा जपणं आहे आणि संशोधकासाठी साधन जपणं. सुविधांबाबत अजून एक पाऊल एप्रिल 2024 मध्ये पडलं. कोणती सुविधा, केवढी आणि कोणत्या तारखेला मिळणार, हे विक्री करारातच लिहायला महारेराने सांगितलं. नुसत्या "जिम" या शब्दाला तेव्हा तारीख चिकटली.

आता मलकापूर

कायदा मुंबईच्या तक्रारींतून घडला. तो कराडशेजारच्या मलकापुरात येतो तेव्हा काय होतं?

सुरुवातीला नावाचाच गोंधळ. मलकापूर महाराष्ट्रात अनेक आहेत. आपलं कराड तालुक्यातलं, दुसरं कोल्हापूर जिल्ह्यात शाहूवाडी तालुक्यातलं, तिसरं बुलढाण्यातलं. नुसतं "मलकापूर" शोधलं तर तिन्हीकडचे प्रकल्प एकत्र येऊ शकतात. इथे नोंदणी क्रमांक कामी येतो. महारेराच्या जुन्या मालिकेतल्या क्रमांकांत P नंतरचे तीन अंक जिल्ह्याचे आहेत, आणि ते 2011 च्या जनगणनेतल्या जिल्हा संकेतांकांशी जुळतात. ठाणे 517, पुणे 521, सातारा 527, कोल्हापूर 530, बुलढाणा 500. म्हणजे `P527` ने सुरू होणारा क्रमांक साताऱ्याचा. जाहिरात मलकापूर-कराडची आणि क्रमांक `P521` चा दिसला, तर तो बिल्डरच्या पुण्यातल्या दुसऱ्या प्रकल्पाचा असण्याची शक्यता आधी तपासायची. अलीकडच्या क्रमांकांची ठेवण वेगळी आहे, तिथे ही युक्ती लावू नका.

मग "हायवे टच" आणि "5 मिनिटांवर". मलकापूर पुणे-बंगळुरू महामार्गावर आहे आणि कृष्णा हॉस्पिटलही तिथेच. त्यामुळे जागेचा दावा मुळात खोटा वाटत नाही. पण महामार्गाला लागून असणं आणि महामार्गावर सहज चढता-उतरता येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. प्रकल्प एका बाजूला आणि हॉस्पिटल दुसऱ्या बाजूला असेल, तर सर्व्हिस रोडने जवळच्या भुयारी रस्त्यापर्यंत जाऊन परत यावं लागतं. मिनिटं वेळेवर आणि वाहनावर अवलंबून असतात, म्हणून ती तपासता येत नाहीत. किलोमीटर तपासता येतात. "सर्व्हिस रोडने 1.8 किमी" अशी ओळ कंटाळवाणी असेल, पण ती कुणीही मोजून बघू शकतो. तसंच "रेल्वे स्टेशन जवळ" लिहिलं तर आठवावं, कराडचं स्टेशन ओगलेवाडीला आहे, मलकापूरपासून शहर ओलांडून पलीकडे.

"24 तास पाणी" ही तर खास मलकापूरची ओळ. इतर गावांत ती बढाई ठरेल. इथे मात्र नगरपंचायतीच्या काळात मीटरने 24 तास पाणी देणारी योजना झाली आणि तिची चर्चा राज्यभर झाली. म्हणजे दावा खरा असू शकतो, पण ती सोय कुणाची? गावाची. बिल्डरने ती आपल्या सुविधांच्या यादीत घातली की वाचणाऱ्याला वाटतं, प्रकल्पाची बोअर आणि टाकी आहे. प्रामाणिक ओळ असेल "नगरपरिषदेची मीटर जोडणी". शिवाय हे विचारायचं की प्रकल्प खरोखर मलकापूरच्या हद्दीत आहे, की शेजारच्या गावाच्या. नाव मलकापूरचं आणि सात-बारा दुसऱ्या गावचा असेल, तर पाणीही दुसऱ्या गावचंच येणार.

शेवटची आणि सगळ्यात मोठी गोष्ट. रेराच्या नोंदणीतून एक सूट आहे: जमीन 500 चौ. मीटरपेक्षा जास्त नसेल, किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील, तर नोंदणी लागत नाही. आपल्याकडे जमीन गुंठ्यात मोजतात. एक गुंठा म्हणजे 1,089 चौ. फूट, साधारण 101.17 चौ. मीटर. पाच गुंठे झाले 505.86 चौ. मीटर. म्हणजे सुटीची रेषा पाच गुंठ्यांच्या जेमतेम सहा चौ. मीटर खाली पडते. मुंबईत ही सूट किरकोळ ठरते. मलकापूरसारख्या गावात तीन-चार गुंठ्यांवरच्या, सहा-आठ सदनिकांच्या इमारती ही सर्रास गोष्ट आहे. त्या सगळ्या नोंदणीबाहेर राहू शकतात. त्यांच्या जाहिरातीत क्रमांक नसणं बेकायदा नाही. पण मग जाहिरात बोट कुठे दाखवणार? नोंदच नाही.

अशा इमारतीसाठी जुना मोफाच उरतो. तो रद्द झालेला नाही. म्हणजे 2017 चा कायदा जिथे पोचत नाही, तिथे चटई क्षेत्र आणि किंमत जाहिरातीतच उघड करा, हे जुनं बंधन अजून कामाचं आहे. छोट्या गावातल्या छोट्या इमारतीच्या बाबतीत जाहिरातीची ओळ नीट लिहिलेली असणं मोठ्या शहरापेक्षा जास्त गरजेचं आहे, असं मी म्हणते ते याच कारणाने.

तीच ओळ, पुन्हा लिहून

"ढेबेवाडी फाटा, मलकापूर (ता. कराड). कृष्णा हॉस्पिटल सर्व्हिस रोडने 1.8 किमी. 2 बीएचके: चटई क्षेत्र 741 चौ. फूट, बाल्कनी वेगळी 48 चौ. फूट. किंमत 35 लाख 20 हजार, एक झाकलेलं पार्किंग, विकास शुल्क आणि वीज जोडणी धरून. जीएसटी, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी वेगळी. नगरपरिषदेची मीटर पाणीजोडणी. बाग 120 चौ. मीटर, ताब्याबरोबर. जिम नाही."

आकडे अर्थातच माझे. नोंदणीकृत प्रकल्प असेल तर पुढे क्रमांक, क्यूआर कोड आणि `maharera.maharashtra.gov.in` हा पत्ता येईल. ही ओळ जुनीपेक्षा लांब आहे, पण तिच्यातलं प्रत्येक विधान कागदाशी किंवा जमिनीशी जुळवून बघता येतं.

हा विषय घ्यायचा असेल तर

जाहिरातींचा संग्रह करताना दोन गोष्टी सांभाळा. जाहिरातीतली किंमत ही मागितलेली किंमत असते. खरा व्यवहार कितीला झाला ते दुय्यम निबंधकाच्या नोंदीत, सूची क्रमांक 2 मध्ये दिसतं. लोक त्याला "इंडेक्स टू" म्हणतात. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय "किंमती वाढल्या" म्हणू नका. शिवाय इंडेक्स टूमधली रक्कमही कागदावरची असते, हे ध्यानात असू द्या.

दुसरं, हाती लागणाऱ्या जाहिराती मोठ्या प्रकल्पांच्याच असतात, कारण वर्तमानपत्रात पानभर जागा त्यांनाच परवडते. आठ सदनिकांच्या इमारतीची जाहिरात म्हणजे चौकातला फ्लेक्स आणि व्हॉट्सअॅपवरचा फोटो. दोन्ही काही महिन्यांत नाहीसे होतात. सुटीच्या रेषेखालचा हा भाग तुमच्या संग्रहात आपोआप येणार नाही. त्यासाठी फाट्यावर जाऊन फोटो काढायला लागतील, आणि प्रत्येक फोटोला तारीख आणि ठिकाण लावायला लागेल. सुरुवात म्हणून तुमच्या मोबाईलवर या आठवड्यात आलेल्या दहा ओळी घ्या, आणि प्रत्येकीत चारच गोष्टी आहेत का ते बघा: चटई क्षेत्र, किंमतीत काय धरलंय, सुविधा कुणाची आणि केव्हा, आणि नोंदणी क्रमांक. जिथे क्रमांक नाही, तिथे जमीन किती गुंठे ते विचारा.